कोपराखालची फट काय सांगते

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. कब्रस्तानाची मागची भिंत पडलेली आणि तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ. फोटो त्यांच्या मुलाने काढला होता. तो माझा जुना विद्यार्थी. भिंत बांधून द्या, असा अर्ज त्याने संबंधित कार्यालयात दिला होता आणि अर्जासोबत हाच फोटो जोडला होता.

तासाभरात एका जाणकाराने त्या गृहस्थांचा कान मोठा करून ग्रुपवर टाकला. "कानाची कड बघा, कापलेली दिसते. मागचं सगळं पुसट आहे. अब्बांना घरी उभं करून मागे भिंत चिकटवली आहे." दुसऱ्याने री ओढली, तिसऱ्याने हसण्याची चिन्हे टाकली. मला कुणीतरी विचारले, "सर, तुम्हाला काय वाटतं?" मी कान पाहिला. कड खरेच कापल्यासारखी होती. मी लिहिले, "शंका घ्यायला जागा आहे." एवढेच लिहिले, पण मास्तरांनी लिहिले म्हणजे शिक्का बसला. मुलाने ग्रुप सोडला आणि अर्जाचा पाठपुरावाही सोडला. ज्या भिंतीसमोर त्याचे वडील खरोखर उभे होते, तिचा उरलेला भाग त्या पावसात गेला.

फोटो खरा होता. तो फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेला होता, एवढाच काय तो गुन्हा. मी हा लेख आधी स्वतःच्या विरोधात लिहितो आहे आणि मग त्या सगळ्यांच्या विरोधात, जे एक कान मोठा करून कुणाच्याही इमानाचा निकाल लावतात. फोटो गैरसोयीचा असला की "कड कापलेली आहे, खोटा आहे" आणि सोयीचा असला की "मागचं छान पुसट आहे, म्हणजे खऱ्या कॅमेऱ्याचा आहे". ही दोन्ही वाक्ये मी आपल्या लोकांकडूनही ऐकली आहेत आणि दुसऱ्यांकडूनही. दोन्ही अडाणीपणाची आहेत. पुसटपणा काहीच सांगत नाही असे नव्हे, तो पुष्कळ सांगतो. पण त्याला प्रश्न नीट विचारावा लागतो.

प्रश्न हा: पुसटपणा अंतराप्रमाणे वाढतो आहे का?

भिंग एका वेळी एकाच अंतरावर फोकस करते. समजा, तुम्ही दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला. आता दोन मीटरवर जे जे आहे ते स्पष्ट येईल, मग तो माणूस असो, शेजारची खुर्ची असो किंवा पायाखालची फरशी असो. त्याच्या थोडे पुढचे आणि थोडे मागचेही डोळ्याला स्पष्टच वाटते. या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. पट्ट्याच्या बाहेर वस्तू हळूहळू पुसट होत जातात. मागे सरकू तसा पुसटपणा वाढतो, आधी भरभर आणि मग मंदावत. भिंगाला माणूस आणि भिंत यांच्यातला फरक कळत नाही, त्याला फक्त अंतर कळते. म्हणून खऱ्या भिंगाचा पुसटपणा माणसाच्या कडेशी एकदम सुरू होत नाही. तो जमिनीवरून चालत मागे जातो.

किती पुसट होईल, याचाही एक सोपा हिशेब आहे आणि त्याला गणिताचा शिक्षक लागत नाही. दूरवरचा दिवा फोकसबाहेर गेला की त्याची गोल चकती होते. ही चकती फोकसमधल्या माणसाच्या मापाने मोजली, तर ती जास्तीत जास्त भिंगाच्या उघड्या तोंडाएवढी, म्हणजे अ‍ॅपर्चरच्या व्यासाएवढी भरते. दिवा खूप दूर असेल तर जवळजवळ पूर्ण व्यासाएवढी. माणूस दोन मीटरवर आणि दिवा चार मीटरवर असेल तर निम्मी. म्हणजे माणसाच्या मागे जेवढे अंतर आहे, त्याला कॅमेऱ्यापासूनच्या एकूण अंतराने भागायचे आणि आलेल्या अपूर्णांकाने भिंगाच्या तोंडाला गुणायचे. झाला हिशेब.

आता फोनचे तोंड केवढे? बहुतेक फोनांच्या मुख्य कॅमेऱ्यात ते चार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान असते. मसुरीच्या दाण्याएवढे समजा. लग्नातला फोटोग्राफर माणसांचे फोटो काढायला जे ८५ मिलिमीटरचे भिंग वापरतो, ते एफ १.८ वर उघडले तर तोंड ४७ मिलिमीटरचे होते. म्हणून त्याच्या फोटोत नवऱ्यामुलाच्या मागचे दिवे मोठ्या चकत्या होऊन तरंगतात. फोनच्या भिंगातून तसे होऊच शकत नाही. चेहऱ्याच्या मापाने तिथे मसुरीपेक्षा मोठी चकती मिळणार नाही.

मग फोनच्या फोटोत मागचे एवढे पुसट येते कसे? फोन ते स्वतः पुसट करतो. दोन कॅमेऱ्यांच्या मदतीने खोली ओळखून असे करणारा आयफोन ७ प्लस २०१६ मध्ये आला. २०१७ च्या पिक्सेल २ मध्ये मागच्या बाजूला एकच कॅमेरा होता. तो एकाच भिंगाच्या दोन अर्ध्यांतून दिसणाऱ्या सूक्ष्म फरकावरून अंतराचा अंदाज घेई आणि माणसाची बाह्यरेषा वेगळी ओळखे. त्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात मात्र अंतराचा अंदाज नव्हता, नुसती बाह्यरेषा होती. स्वस्त फोनांत आजही पुष्कळदा तेवढेच असते. माणूस ओळखायचा आणि उरलेले सगळे सारखेच पुसट करायचे.

ही बाह्यरेषा फोन चुकवतो. केस, टोपीची झालर, चष्म्याची काडी, ओढणीची किनार आणि कान ही त्याची नेहमीची चुकण्याची ठिकाणे. तेव्हा कानाची कड कापलेली दिसणे हा बनावटीचा पुरावा नाही. तो "इथे एका यंत्राने माणसाची कड आखली" एवढ्याचाच पुरावा आहे. कड पोर्ट्रेट मोड आखतो आणि माणूस कापून दुसरीकडे चिकटवणारे अ‍ॅपही आखते. कान दोन्हीकडे सारखाच बिघडतो. मी कान पाहून मत दिले, म्हणजे जे चिन्ह दोघांत सारखे असते त्यावरून दोघांत भेद केला. असा पेपर माझ्या विद्यार्थ्याने लिहिला असता, तर मी त्याला गुण दिले नसते.

भेद करणारे चिन्ह वेगळे आहे. फोन जिथे चुकतो, तिथे मागचा थोडा भाग पुसट करायचा राहून जातो. सगळ्यात ठळक जागा म्हणजे कोपर आणि कंबर यांच्यामधली फट. फोन त्या फटीलाही माणूस समजतो आणि तसेच स्पष्ट ठेवतो. त्या फटीत जे दिसते, तो मूळ जागेचा अस्सल तुकडा असतो. आता एवढेच बघायचे: फटीतला तुकडा बाहेरच्या पुसट देखाव्याशी जुळतो का? जुळत असेल तर माणूस तिथेच उभा होता आणि पुसटपणा फोनने नंतर लावला. जुळत नसेल तर माणूस दुसऱ्या जागेवरून आणला आहे. पोर्ट्रेट मोडची चूक स्वतःची जागा दाखवते, चिकटवणाऱ्याची चूक परकी जागा दाखवते.

कब्रस्तानाच्या फोटोत कमरेवर हात होते, म्हणजे दोन फटी होत्या. पावसाळा सरल्यावर मी तो फोटो पुन्हा काढून पाहिला, तेव्हा त्या मला पहिल्यांदा दिसल्या. डाव्या फटीत भिंतीचे दगड स्पष्ट होते, दोन दगडांमधली चुन्याची आडवी रेघही स्पष्ट होती. तीच रेघ कोपराच्या बाहेर पुसट होऊन सरळ पुढे जात होती. त्याच उंचीवर आणि त्याच उतारावर. पायांशी पडलेले खडे स्पष्ट होते, त्यांच्या मागचे थोडे कमी आणि भिंतीजवळचे पुसट. पुसटपणा जमिनीवरून चालत मागे गेला होता. माणूस, खडे आणि भिंत एकाच जागेची होती. हे पाहायला पाच मिनिटे लागली. ती पाच मिनिटे मी जूनमध्ये दिली नव्हती.

दुसरा फोटो निवडणुकीच्या दिवसांतला. आमच्या भागातल्या एका अनुदानित शाळेतल्या सरांना नोटीस आली. निवडणुकीचे काम अंगावर असताना ते एका उमेदवाराच्या रात्रीच्या सभेला हजर होते, असा आरोप होता. पुरावा एकच, एक फोटो. सर मैदानात उभे, एक हात खिशात, मागे दिव्यांच्या माळा आणि दूरवर मंच. सर म्हणत होते, "मी त्या मैदानावर पाऊलही ठेवलेलं नाही." नोकरीचा प्रश्न होता. इकडे ग्रुपमध्ये पुन्हा तेच सुरू झाले. आपले लोक म्हणाले, "कान बघा, कापलेला आहे, खोटा आहे." तक्रारवाले म्हणाले, "मागचे दिवे कसे गोल आलेत बघा. असं चिकटवता येत नाही." या वेळी मी कान पाहिला नाही. तीन गोष्टी पाहिल्या आणि त्या ज्या क्रमाने पाहिल्या, त्याच क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट दिवे. माणसाच्या चेहऱ्यावर एक तयार पट्टी असते. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांच्या मध्यांमधले अंतर साधारण सहा सेंटीमीटर असते. चेहरा कॅमेऱ्याकडे सरळ असला की हे माप चालते आणि सरांचा चेहरा सरळ होता. फोटो मोठा करून मोजले तर बुबुळांमध्ये ३० पिक्सेल होते. दिव्यांच्या चकत्याही ३० पिक्सेलच्या, म्हणजे सहा सेंटीमीटरच्या. फोनच्या चार मिलिमीटरच्या तोंडातून जास्तीत जास्त दोन पिक्सेलची चकती आली असती. म्हणजे हा पुसटपणा एक तर मोठ्या कॅमेऱ्याचा किंवा हिशेबाने लावलेला. आता पुढचा प्रश्न. एक माळ सरांच्या खांद्याशेजारच्या खांबाला बांधलेली होती आणि तिथून मागे मंचापर्यंत गेली होती. मोठा कॅमेरा असता तर खांबाजवळचे दिवे ठिपक्यासारखे बारीक आले असते आणि माळ मागे जाईल तशा चकत्या मोठ्या झाल्या असत्या. इथे पहिल्या दिव्यापासून शेवटच्यापर्यंत सगळ्या चकत्या सारख्या होत्या. अंतर वाढत होते, पुसटपणा जागचा हलत नव्हता. कोणतेही भिंग असे करत नाही.

इथेच थांबून "खोटा" म्हणायचा मोह होतो. पण थांबा. मघाशी सांगितलेला स्वस्त फोन आठवा. जो फक्त बाह्यरेषा ओळखतो, तो माळेतले सगळे दिवे असेच सारखे पुसट करील. दिव्यांनी एवढेच सिद्ध केले की "खऱ्या कॅमेऱ्याचा आहे" हा तक्रारवाल्यांचा दावा चुकीचा आहे. सर तिथे नव्हते, हे सिद्ध झाले नाही.

दुसरी गोष्ट जमीन. सपाट मैदानावर, कॅमेरा आडवा धरलेला असेल, तर ज्या वस्तूंचे पाय फोटोत एकाच उंचीवर जमिनीला टेकतात, त्या कॅमेऱ्यापासून साधारण सारख्याच खोलीवर असतात. सरांच्या बुटांच्या ओळीत उजवीकडे एक प्लास्टिकची खुर्ची होती. तिचे पाय बुटांच्याच उंचीवर जमिनीला टेकत होते. म्हणजे खुर्ची बुटांइतकीच स्पष्ट हवी होती. ती पार विरघळलेली होती. बुटांखालची मातीही बुटाला चिकटूनच पुसट होती, एक बोटभर स्पष्ट पट्टासुद्धा नव्हता. अंतर मोजणारा चांगला फोन पायांजवळची जमीन सहसा स्पष्ट ठेवतो आणि मागे हळूहळू सोडत जातो. पण इथेही तीच पळवाट आहे. नुसती बाह्यरेषा ओळखणारा फोन खुर्ची पुसट करील आणि मातीही. संशय वाढला, निकाल झाला नाही.

तिसरी गोष्ट फट. खिशात घातलेल्या हाताच्या कोपराशी एक त्रिकोणी फट होती. तिच्यात फिकट हिरवा रंग होता आणि त्यावर दोन उभ्या काळ्या रेघा, खिडकीच्या गजांसारख्या. कोपराच्या बाहेर काय होते? काळोख, माती आणि पिवळे दिवे. गजांच्या रेघा फटीच्या वर किंवा खाली कुठेही पुढे जात नव्हत्या. पोर्ट्रेट मोडला हिरवी भिंत कल्पनेने रंगवायचे कारण नाही. तो फक्त असलेले ठेवतो किंवा असलेले पुसतो. रात्रीच्या उघड्या मैदानात हिरवी भिंत आली ती सरांसोबत आली. तो तुकडा सरांनी पाहताच ओळखला. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी ते वर्गाच्या खिडकीशी उभे होते आणि तो फोटो त्यांनी स्वतःच फेसबुकवर टाकला होता. जुना फोटो काढून शेजारी ठेवला तेव्हा खिसा, कोपर, शर्टाच्या घड्या आणि फटीतले दोन गज, सगळे जुळले.

उत्तरासोबत आम्ही दोन्ही फोटो आणि फटीचा मोठा केलेला तुकडा जोडला आणि एक मागणी लिहिली: तक्रारदाराने फोनमधली मूळ फाइल द्यावी. ही मागणी महत्त्वाची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो लहान होतो, दाबला जातो आणि त्याच्यासोबतची माहिती गळून पडते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ती शाबूत राहते. पुष्कळ फोनांत पोर्ट्रेट फोटोचा पुसटपणा नंतर कमीजास्त करता येतो किंवा पूर्ण काढता येतो. आयफोनमध्ये ही सोय २०१८ पासून आहे. फोटो खरा असेल तर पुसटपणा काढून मागचे मैदान दाखवायला मिनिट लागत नाही. तक्रारदाराने मूळ फाइल दिली नाही आणि नोटीस पुढे सरकली नाही.

आता मर्यादाही सांगतो, नाहीतर उद्या हाच लेख नवा कान बनेल. पुष्कळ फोटोंत फट नसते, हात अंगाला चिकटलेले असतात. मग टोपीच्या झालरीत किंवा केसांच्या बटांमध्ये परका रंग अडकला आहे का ते पाहावे, पण दाबलेल्या फोटोत तिथे पुष्कळदा काहीच उरत नाही. दिवसाउजेडी, पोर्ट्रेट मोडशिवाय काढलेल्या फोनच्या फोटोत पुढचे-मागचे सगळेच स्पष्ट असते, त्यात पुसटपणाची परीक्षाच लागू होत नाही. पुसट नाही म्हणून खोटा, असे म्हणता येत नाही. आणि कसलेला माणूस फट स्वच्छ करील, जमीन पायरीपायरीने पुसट करील. म्हणून या परीक्षेत उतरलेला फोटो खरा ठरतो असे नाही. ही परीक्षा खोटेपणा पकडू शकते, खरेपणाचे प्रमाणपत्र देऊ शकत नाही.

पण यापुढे ग्रुपमध्ये कुणी कान मोठा करून टाकला, तर मी त्याला एकच विचारणार आहे: फटीत काय दिसतं ते सांगा. बाहेरची रेघ आत जाते का? पायांच्या ओळीतली वस्तू स्पष्ट आहे का? माळेतला जवळचा दिवा लहान आहे का? याची उत्तरे नसतील तर "खोटा" हा शब्द परत घ्या, कारण तो पुरावा नाही, ती तोहमत आहे. फोटोवर नव्हे, तो काढणाऱ्यावर.

त्या विद्यार्थ्याच्या घरी मी दिवाळीच्या सुट्टीत गेलो. त्याच्या अब्बांसमोर बसून फोटो उघडला आणि फटीतली चुन्याची रेघ बोटाने दाखवली. मुलगा काही बोलला नाही. अब्बा म्हणाले, "सर, मी तिथं उभा होतो हे मला ठाऊकच होतं. तुम्ही ग्रुपवर लिहा." मी त्याच रात्री ग्रुपवर लिहिले. मग आम्ही दोघांच्या सहीने नवा अर्ज दिला. या वेळी फोटो पोर्ट्रेट मोड बंद करून काढला.